गेंडा भुंग्याच्या श्वासनलिका आणि कीटकांच्या आकाराची मर्यादा : प्रकल्प नोंदी

४ जून २०२४

माझी पुतणी यंदा अकरावीत गेली आहे. काल संध्याकाळी वाडीत माडाच्या शेंड्यातून तारेच्या आकड्याने ओढून काढलेला गेंडा भुंगा तिने हातात घेतला आणि विचारले, "आत्या, हा एवढा दणकट आहे, मग कावळ्याएवढा का नाही होत?" मी तेहतीस वर्षे जीवशास्त्र शिकवले आणि या प्रश्नाचे एका वाक्यातले उत्तर माझ्या तोंडी तयार होते: कीटकांना फुप्फुसे नसतात, त्यांचा ऑक्सिजन नळ्यांमधून आपोआप आत झिरपतो आणि तो फार दूर पोहोचू शकत नाही. उत्तर दिल्यावर तिने पुढचा प्रश्न केला, "फार दूर म्हणजे किती?" तो आकडा मला सांगता आला नाही. तो काढण्यासाठी पावसाळ्याचे हे तीन महिने द्यायचे आम्ही ठरवले आहे.

काम सुरू करण्यापूर्वी प्रश्न नीट मांडला पाहिजे. "कोणताही कीटक पक्ष्याएवढा होत नाही" हे वाक्य जसेच्या तसे खरे नाही. क्यूबातील मधमाशी गुंजनपक्षी जेमतेम दोन ग्रॅमचा असतो. न्यूझीलंडमधील महाकाय वेटा या रातकिड्याच्या नात्यातल्या कीटकाच्या अंडी भरलेल्या एका मादीचे वजन ७१ ग्रॅम नोंदले गेले आहे, म्हणजे ती आपल्या अंगणातल्या दोन चिमण्यांहून जड होती. आफ्रिकेतील गोलायथ भुंग्याची अळी तर १०० ग्रॅमच्या आसपास जाते. मात्र कीटकांची मजल तिथेच संपते, आणि पक्ष्यांची मजल कावळा, मोर, गिधाड असे करत शंभर किलोंच्या पुढच्या शहामृगापर्यंत जाते. म्हणून आमचा प्रश्न असा आहे: साधारण शंभर ग्रॅमच्या पुढे कीटकांना वाट का मिळत नाही?

९ जून

शेजाऱ्यांनी शेणखताचा जुना खड्डा पावसाआधी उपसला, तेव्हा त्यात गेंडा भुंग्याच्या बऱ्याच अळ्या निघाल्या. माडांच्या दृष्टीने त्या घातक असल्यामुळे त्या मारल्या जाणारच होत्या. त्यांतल्या सहा मी मागून घेतल्या. सर्वांत मोठी सात सेंटिमीटर लांब, अंगठ्याहून जाड, पांढरट, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली आणि १०.२ ग्रॅम वजनाची आहे. तिच्या शेपटाकडचा भाग आत भरलेल्या शेणामुळे काळसर दिसतो.

हातात घेतल्यावर पुतणीला प्रथम दिसले ते तिच्या कुशीवरचे तपकिरी ठिपके. प्रत्येक बाजूला नऊ, म्हणजे एकूण अठरा. हीच श्वासरंध्रे. पहिली जोडी छातीच्या पुढच्या खंडावर आणि उरलेल्या आठ जोड्या पोटाच्या खंडांवर असतात. कीटक तोंडाने श्वास घेत नाही हे पाठ्यपुस्तकात वाचलेले असते, पण शरीराच्या दोन्ही कडांना खिडक्यांची रांग पाहिल्यावर ते मनात पक्के बसते. भिंगाखाली असेही दिसले की हे रंध्र नुसते उघडे भोक नाही. त्यावर बारीक छिद्रांची चाळणीसारखी पट्टी आहे. शेणात राहणाऱ्या प्राण्याच्या नळ्यांत घाण जाऊ नये म्हणून ती उपयोगी असणार, पण पुढच्या गणितात ती आम्हाला आडवी येईल, म्हणून आत्ताच नोंदवून ठेवते.

१२ जून

थंडीने मेलेल्या एका अळीचे विच्छेदन केले. मेणाच्या तबकात पाण्याखाली पाठीची त्वचा उभी चिरून दोन्ही बाजूंना टाचण्यांनी ताणली. आतून जे दिसले ते चांदीच्या तारांचे जाळे होते. प्रत्येक श्वासरंध्रापासून एक जाड नळी निघते, तिला फांद्या फुटतात, फांद्यांना डहाळ्या फुटतात, आणि त्या आतडे, चरबी, स्नायू यांच्या पृष्ठभागावर मुळांसारख्या पसरतात. जाड नळीचा व्यास आमच्या मोजपट्टीवर साधारण अर्धा मिलिमीटर भरला. त्यांची चमक धातूची नसून आतल्या हवेची असते: पाण्यात बुडालेल्या हवेच्या बुडबुड्यासारख्या त्या प्रकाश परतवतात.

हे आम्हाला एका चुकीने कळले. चित्र काढण्याचे काम अर्धवट राहिले म्हणून मी विच्छेदन रात्रभर अल्कोहोलमध्ये ठेवले. सकाळी नळ्या नाहीशा झाल्या होत्या! प्रत्यक्षात त्या जागेवरच होत्या, पण अल्कोहोल आत शिरून हवा निघून गेल्यामुळे त्यांच्या पारदर्शक भिंती दिसेनाशा झाल्या होत्या. श्वासनलिका पाहायच्या असतील तर ताज्या नमुन्यात, पाण्याखाली आणि तासाभरात पाहाव्यात.

या नळ्यांची शेवटची टोके आमच्या सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्याबाहेर आहेत. ती मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक असतात, त्यांच्या अगदी टोकाला थोडा द्रव असतो आणि ती थेट पेशींना भिडतात. कीटकाच्या रक्ताकडे ऑक्सिजन वाहण्याचे काम जवळजवळ नसते. आपले रक्त लाल असते ते हिमोग्लोबिनमुळे, आणि त्याच्या बळावर एक लिटर रक्त सुमारे २०० मिलिलीटर ऑक्सिजन धरते. तेवढ्याच साध्या पाण्यात हवेतून फक्त सहा मिलिलीटरच्या आसपास विरघळतो. डबक्यातील लाल रक्तकिडे सोडले तर बहुतेक कीटकांच्या रक्तात असे रंगद्रव्य नसते. म्हणजे हवा ही वायुरूपातच प्रत्येक पेशीच्या दारापर्यंत गेली पाहिजे.

१६ जून

आज "किती दूर" या प्रश्नाला थेट हात घातला. वायूचे रेणू सतत इकडून तिकडे धडपडत असतात आणि जिथे ते जास्त आहेत तिथून जिथे कमी आहेत तिकडे सरासरीने सरकतात. याला विसरण म्हणतात. ते फुकट असते, त्याला पंप लागत नाही, पण त्याला अंतर मानवत नाही. हवेत ऑक्सिजनचा विसरण गुणांक दर सेकंदाला सुमारे ०.२ चौरस सेंटिमीटर आहे. त्यावरून हिशेब केला तर एक मिलिमीटर अंतर कापायला रेणूला सरासरी सेकंदाचा चाळिसावा भाग लागतो, एक सेंटिमीटरला अडीच सेकंद, आणि दहा सेंटिमीटरला चार मिनिटांहून अधिक. अंतर दहापट झाले की वेळ शंभरपट होते. पुतणीने हे आकडे स्वतः काढले आणि मग बराच वेळ वहीकडे पाहत बसली.

तरीही हवेतले विसरण हा कीटकांचा मोठा आधार आहे. हाच गुणांक पाण्यात दहा हजार पटींनी लहान असतो, शिवाय पाण्यात ऑक्सिजन मुळात कमी मावतो. ऊतींमधून ऑक्सिजन झिरपवायचा असता तर कीटक मिलिमीटरभर जाडीचेच राहिले असते. पेशींच्या अगदी जवळपर्यंत हवेचीच वाट नेऊन त्यांनी हा अडथळा जवळजवळ पूर्ण टाळला आहे. डेन्मार्कचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांनी १९२० मध्ये एका पतंगाच्या लाकूड पोखरणाऱ्या मोठ्या अळीच्या नळ्या मोजल्या, तिचा ऑक्सिजनचा खर्च मोजला आणि दाखवून दिले की एवढ्या अळीला नुसते विसरण पुरते. आम्हाला तेच काम आमच्या अळीवर करायचे आहे आणि मग अळी कागदावर मोठी करत न्यायची आहे.

२२ जून

ऑक्सिजनचा खर्च मोजण्याची मांडणी अशी केली. रुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत तळाशी सोडालाइम, त्यावर जाळी, जाळीवर अळी. रबरी बुचातून एक मिलिलीटरची अंशांकित काचनळी आडवी बाहेर काढली आणि तिच्यात साबणाच्या रंगीत पाण्याचा एक थेंब सोडला. अळी ऑक्सिजन घेते, तिने सोडलेला कार्बन डायऑक्साइड सोडालाइम शोषून घेतो, त्यामुळे बाटलीतली हवा घटते आणि थेंब आत सरकतो. जेवढा सरकला तेवढा ऑक्सिजन खर्च झाला.

पहिल्या दिवशी थेंब आत येण्याऐवजी बाहेर पळाला. कारण शोधायला वेळ लागला नाही: पुतणीने बाटली तळहातांनी धरली होती. बाटलीत सुमारे २०० मिलिलीटर हवा आहे आणि तापमान एका अंशाने वाढले तर ती ०.६ ते ०.७ मिलिलीटर फुगते. अळी दहा मिनिटांत वापरते त्याच्या दुपटीहून हे जास्त आहे. म्हणजे या मांडणीत तापमान सांभाळले नाही तर आपण अळीऐवजी खोलीची ऊब मोजत राहतो.

उपाय म्हणून तशीच दुसरी बाटली घेतली, तिच्यात अळीच्या आकारमानाएवढ्या काचेच्या गोट्या ठेवल्या आणि दोन्ही बाटल्या पाण्याने भरलेल्या बादलीत अर्ध्या बुडवल्या. पंधरा मिनिटे काही न करता थांबायचे आणि मग दोन्ही थेंब वाचायचे. गोट्यांच्या बाटलीतला थेंब जेवढा हलेल तेवढा अळीच्या आकड्यातून वजा करायचा.

२५ जून

आठ वेळा मोजल्यानंतरचा आकडा: १०.२ ग्रॅमची अळी विश्रांतीत तासाला सुमारे दीड मिलिलीटर ऑक्सिजन वापरते. पहिली दोन वाचने यापेक्षा बरीच जास्त होती, कारण अळीच्या अंगाला शेण लागलेले होते आणि शेणातले जीवाणूही ऑक्सिजन खातात. तिला ओल्या कापसाने पुसून घेतल्यावर आकडे स्थिरावले. एक चूक मात्र दुरुस्त करता येत नाही. या जातीच्या अळ्यांच्या आतड्यात सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात, तो सोडालाइममध्ये शोषला जात नाही, म्हणून आमचा आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमी असावा. पुढच्या हिशेबाला एवढी अचूकता पुरेशी आहे.

३० जून

आजचा दिवस पूर्ण गणिताचा. दीड मिलिलीटर तासाला म्हणजे सेकंदाला ०.०००४२ मिलिलीटर. अठरा खिडक्यांत वाटल्यावर प्रत्येकीच्या वाट्याला ०.००००२३ मिलिलीटर येतात. नळीचा व्यास अर्धा मिलिमीटर, म्हणून काटछेद ०.००२ चौरस सेंटिमीटरच्या जवळपास. कुशीपासून शरीराच्या मध्यापर्यंतचे अंतर ०.८ सेंटिमीटर. फांद्या फुटल्या तरी सगळ्या फांद्यांचा मिळून काटछेद तेवढाच राहतो असे धरले. विसरणाने जाणारा प्रवाह हा गुणांक, काटछेद आणि दोन टोकांतला ऑक्सिजनचा फरक यांच्या गुणाकाराला अंतराने भागल्यावर मिळतो. आम्हाला प्रवाह माहीत आहे, म्हणून फरक काढला: तो ४.७ टक्के आला.

याचा अर्थ असा की बाहेर हवेत २१ टक्के ऑक्सिजन असताना नळीच्या आतल्या टोकाला १६ टक्क्यांच्या थोडा वर उरतो. रंध्रावरच्या चाळणीमुळे प्रत्यक्षात आणखी काही टक्के गळत असतील. तरीही अळी आरामात जगते, आणि क्रोग यांचा निष्कर्ष आमच्या शेणखतातल्या अळीलाही लागू पडतो.

आता हीच अळी, हाच आकार, फक्त प्रत्येक माप दुप्पट. वजन आठपट, म्हणजे ८० ग्रॅम होते. प्राणी मोठा झाला की दर ग्रॅममागे खर्च थोडा कमी होतो, म्हणून एकूण खर्च आठपट न वाढता पावणेपाच पट वाढतो असे धरले. नळीचा काटछेद चौपट झाला, पण अंतरही दुप्पट झाले, त्यामुळे नळीची वाहून नेण्याची क्षमता फक्त दुप्पट वाढली. मागणी पावणेपाच पट आणि पुरवठ्याची वाट दुप्पट. लागणारा फरक ४.७ वरून ११ टक्क्यांवर गेला. प्रत्येक माप तिप्पट केले तर अळी २१ सेंटिमीटर लांब आणि २७५ ग्रॅमची, म्हणजे साधारण कावळ्याच्या वजनाची होते, आणि फरक साडेअठरा टक्के लागतो. आत अडीच टक्के उरतात. पाचपट केली तर ३५ टक्के फरक हवा, आणि हवेत मुळात २१ टक्केच आहे.

पुतणीच्या मूळ प्रश्नातला कावळा हिशेबात आपणहून आला याचे आम्हा दोघींना नवल वाटले. पण हा आकडा विश्रांतीतल्या, न उडणाऱ्या अळीचा आहे, हे मी तिला दोनदा सांगितले. उडताना कीटकाचा ऑक्सिजनचा खर्च विश्रांतीच्या कित्येक दहापट होतो. शिवाय आम्ही एक गोष्ट गृहीत धरली, ती म्हणजे मोठा कीटक लहान कीटकाची हुबेहूब फुगवलेली प्रत असतो. निसर्गाला तसे बंधन नाही. नळ्या जास्त रुंद करता येतात, हवा आत ढकलताही येते. तसे खरोखर होते का, हे पाहिल्याशिवाय कावळ्याचा आकडा उत्तर म्हणून लिहिणे योग्य होणार नाही.

११ जुलै

माडाच्या शेंड्यातून काढलेला मेलेला प्रौढ भुंगा उघडला. अळीत पाहिलेले चांदीच्या तारांचे चित्र इथे पूर्ण बदललेले होते. पाठीचे कडक कवच उचलल्यावर छातीत आणि पोटात सर्वत्र मोहरीच्या दाण्यांएवढे चमकदार बुडबुडे भरलेले दिसले, जणू कोणी साबूदाणा ओतला आहे. या हवेच्या पिशव्या म्हणजे नळ्यांचेच फुगलेले भाग. अळीत त्या नव्हत्या, कारण अळीला उडायचे नव्हते.

जिवंत भुंगा रात्री दिव्याजवळ उडण्याआधी काही मिनिटे एका जागी थांबून पोट वरखाली हलवतो, हे आम्ही गेल्या आठवड्यात तीनदा पाहिले. पोट आवळले की पिशव्या दबतात, सैल सोडले की फुगतात, आणि हवा भात्यासारखी आत-बाहेर होते. अमेरिकेत २००३ मध्ये जिवंत भुंगे, रातकिडे आणि मुंग्या यांचे शक्तिशाली क्ष-किरणांखाली चित्रण झाले, तेव्हा डोक्यातल्या आणि छातीतल्या जाड नळ्याही तालात चेपतात आणि फुगतात हे दिसले. म्हणजे "ऑक्सिजन आपोआप झिरपतो" हे माझे वर्गातले वाक्य अर्धेच होते. मोठे कीटक मुख्य रस्त्यावर हवा ढकलतात आणि फक्त शेवटच्या गल्लीत विसरणावर विसंबतात.

मग मर्यादा कुठे गेली? ती जागेत गेली आहे, असे मला हा भुंगा पाहताना वाटले. आमच्या गणितातल्या तिप्पट अळीला आजच्याइतकाच आरामात श्वास घ्यायचा असेल, तर नळ्यांनी शरीराचा आज व्यापलेला हिस्सा चौपट व्हावा लागेल. पाचपट अळीला तो साडेसात पट लागेल. पंप असला तरी हवा नेणारी नळी हवीच, आणि पंपाच्या पिशव्यांनाही जागा हवी. ही जागा स्नायूंच्या, आतड्याच्या आणि अंड्यांच्या जागेतून कापून द्यावी लागते.

१९ जुलै

जागेबद्दलचा हा तर्क प्रत्यक्ष मोजून तपासला गेला आहे. शिकागोजवळच्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेतील क्ष-किरण यंत्रणा वापरून अलेक्झांडर कायझर, जॉन हॅरिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच कुळातल्या चार जातींच्या भुंग्यांच्या नळ्या मोजल्या आणि २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सर्वांत लहान जात होती आपल्या पिठाच्या डब्यात सापडणारा तांबडा भुंगेरा, जेमतेम तीन मिलिमीटरचा. मोठी होती अमेरिकेच्या वाळवंटी भागातली एलिओडीस, तीन सेंटिमीटरच्या पुढची. शरीराच्या प्रमाणात नळ्यांचा हिस्सा मोठ्या भुंग्यात कित्येक पट जास्त भरला. भुंगा जितका मोठा, तितका तो पोकळ.

यातला सर्वांत मोलाचा भाग पायांविषयीचा आहे. पाय जिथे धडाला जोडला जातो, तिथे कडक कवचात एक भोक असते आणि त्यातून स्नायूबंध, मज्जातंतू, रक्त आणि श्वासनलिका या सगळ्यांना जायचे असते. भुंगा मोठा होतो तशी नळी या भोकाच्या वाढत्या वाट्यावर हक्क सांगते. डोक्याकडे जाणाऱ्या वाटेत ही गर्दी तेवढी झपाट्याने वाढत नाही. पायाच्या भोकातली वाढ पुढे नेली तर साधारण पंधरा-सोळा सेंटिमीटरच्या भुंग्यापाशी जागा संपते, आणि आज जगातला सर्वांत लांब भुंगा, दक्षिण अमेरिकेतील टायटॅनस, नेमका तेवढाच आहे. भोक रुंद केले तर सांधा कमकुवत होतो आणि पाय धड पेलत नाहीत.

आम्ही आमच्या भुंग्याचा मागचा पाय मुळाशी कापून भोक भिंगाखाली पाहिले. नळीचे चकचकीत तोंड एका कडेला स्पष्ट दिसले आणि बाकी जागेत स्नायू ठासून भरलेला होता. मोकळी म्हणावी अशी जागा नव्हती. मापे घेण्याइतके आमचे साधन बारीक नाही, म्हणून नुसते चित्र काढून ठेवले आहे.

काडीकीटक ६० सेंटिमीटरच्याही पुढे जातात, मग त्यांचे काय, असे पुतणीने विचारले. २०१४ मध्ये चीनच्या ग्वांगशी प्रांतात सापडलेला काडीकीटक पाय धरून ६२ सेंटिमीटरचा होता. पण तो काडीसारखा बारीक आहे. श्वासरंध्रे कुशीवर असतात, त्यामुळे हवेला जायचे अंतर हे जाडीवर ठरते, लांबीवर ठरत नाही.

२ ऑगस्ट

गेले काही दिवस एक विरोधी मुद्दा मला सतावत होता. कीटकांचा आकार त्यांच्या बाहेरच्या कडक कवचामुळेच मर्यादित असेल, श्वासाचा त्यात काही संबंध नसेल, तर? कात टाकल्यावर मऊ पडलेला जड प्राणी स्वतःच्या वजनाने चेपेल, असे बरेच जण सांगतात.

याचे उत्तर अंदमान-निकोबारच्या बेटांवर फिरत असते. नारळ-खेकडा हा जमिनीवर राहणारा, कवच असलेला, कात टाकणारा संधिपाद प्राणी आहे, आणि त्याचे वजन चार किलोंपर्यंत जाते. म्हणजे सर्वांत जड प्रौढ कीटकाच्या कितीतरी पट. त्याच्या कवचाच्या आत दोन्ही बाजूंना फुप्फुसासारख्या पोकळ्या आहेत, आणि तिथला ऑक्सिजन तांबेयुक्त रंगद्रव्य असलेले रक्त शरीरभर नेते. कवच दोघांनाही आहे, श्वासाची रीत वेगळी आहे. कात टाकताना तो बिळात कित्येक आठवडे लपून राहतो, त्यामुळे कवचाची अडचण खोटी आहे असे मी म्हणणार नाही, पण शंभर ग्रॅमवर अडवणारी ती नाही.

पक्ष्याची रीत तर याच्याही पुढची आहे. त्याच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते, हवेच्या पिशव्या तिला भात्यासारख्या ढकलतात, आणि पुढचे सगळे अंतर हृदयाने ढकललेले रक्त कापते. विसरणाला उरते ते दोन्ही टोकांचे मिलिमीटरच्या अगदी लहान अंशाएवढे अंतर. चिमणीत आणि शहामृगात हे टोकाचे अंतर फारसे बदलत नाही. पक्षी मोठा झाला की हृदय मोठे होते, पण पायाच्या सांध्यातून हवेची नळी न्यावी लागत नाही.

१४ ऑगस्ट

नळ्यांचा तर्क खरा असेल, तर हवेतला ऑक्सिजन वाढला की कीटकांना मोठे होता आले पाहिजे. आमच्या ३० जूनच्या वहीत तिप्पट अळीला साडेअठरा टक्के फरक लागत होता. बाहेर २१ ऐवजी ३१ टक्के ऑक्सिजन असता तर तिच्या आत साडेबारा टक्के उरले असते आणि ती निभावली असती.

असा काळ पृथ्वीवर होऊन गेला. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी, ज्या दलदलीतल्या जंगलांचा पुढे युरोप-अमेरिकेत कोळसा झाला त्या काळात, ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या आसपास किंवा वर होता असे खडकांवरून बांधलेले अंदाज सांगतात. फ्रान्समधील कॉमांत्री येथील कोळशाच्या खाणीत चतुरांच्या दूरच्या नातेवाइकाचे जीवाश्म सापडले, ज्याला शार्ल ब्रोन्यार यांनी १८८५ मध्ये मेगॅन्यूरा असे नाव दिले. त्याचा पंखविस्तार ६५ सेंटिमीटरच्या पुढे, म्हणजे आपल्या कबुतराएवढा होता.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील मॅथ्यू क्लॅपहॅम आणि जेरेड कार यांनी दहा हजारांहून अधिक जीवाश्म पंखांची मापे जमवून २०१२ मध्ये दाखवले की सुरुवातीची सुमारे पंधरा कोटी वर्षे सर्वांत मोठ्या कीटकांचा आकार ऑक्सिजनच्या चढउताराबरोबर चढला आणि उतरला. त्यानंतर मात्र ही साथ सुटली. क्रेटेशियस काळाच्या सुरुवातीला ऑक्सिजन पुन्हा वाढला तरी कीटक लहानच होत गेले. नेमक्या याच काळात पक्षी चपळ उडू लागले होते. मोठा, संथ वळणारा चतुर हा त्यांच्यासाठी सोपा घास ठरला असावा, असे या दोघांचे म्हणणे आहे.

हे वाचून मला माझ्या उत्तरात दुरुस्ती करावी लागली. नळ्या छत ठरवतात, पण आजचे उडणारे कीटक त्या छतापर्यंत पोहोचलेलेच असतील असे नाही. गेंडा भुंगा रात्री उडतो आणि दिवसा शेंड्यात दडून बसतो, आणि आमच्या वाडीत दिवसा बाहेर सापडलेला भुंगा कावळ्याने फोडलेला मी कित्येकदा पाहिला आहे. श्वासाने घातलेली मर्यादा आणि चोचीने घातलेली मर्यादा या दोन वेगळ्या आहेत. सर्वांत जड कीटक न उडणारे आहेत, आणि महाकाय वेटा ज्या बेटांवर वाढला तिथे शिकार करणारे सस्तन प्राणी नव्हते, हे मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते.

७ सप्टेंबर

ठेवलेल्या अळ्यांपैकी तीन ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मातीत कोष करून बसल्या होत्या. आज एक कोष फोडला, आत तांबूस रंगाचा, अजून मऊ असलेला भुंगा होता. त्याच्या शेजारी अळीची चुरगळलेली कात पडली होती. पुतणीने ती पाण्यात उलगडली आणि मला हाक मारली. कातीच्या आतल्या बाजूला, जिथे जिथे श्वासरंध्राचा तपकिरी ठिपका होता, तिथून पांढऱ्या धाग्यांचा एकेक झुबका लोंबत होता.

ते धागे म्हणजे जुन्या श्वासनलिकांचे अस्तर. नळ्या त्वचेच्याच आत वळलेल्या भागातून बनलेल्या असल्यामुळे कात टाकताना त्यांचे अस्तरही रंध्रातून ओढले जाऊन बाहेर येते. म्हणून दोन कातींच्या मध्ये जाड नळ्यांचा व्यास वाढत नाही, पण अळी खातच राहते आणि जड होत जाते. तंबाखूच्या पतंगाच्या अळीवर व्हिवियन कॅलिए आणि फ्रेडरिक नायहाउट यांनी २०११ मध्ये दाखवले की पुरवठा मागणीला कमी पडू लागतो त्या वजनापाशीच अळी कात टाकण्याकडे वळते, आणि हवेतला ऑक्सिजन कमी केला तर ती अधिक लहान असतानाच वळते.

जून महिन्यात आम्ही जो आकडा कागदावर अळी फुगवून काढत होतो, तो ही अळी स्वतःच्या शरीरात प्रत्येक अवस्थेच्या शेवटी गाठत होती. कातीतले अठरा झुबके मोजून, वाळवून, काळ्या कागदावर चिकटवले आहेत. नवा भुंगा ५.१ ग्रॅमचा भरला.